घराच्या फोटोत डासांची जागा शोधताना

डेंगी पसरवणारी एडिस इजिप्ती डासाची मादी वाहत्या गटारात सहसा अंडी घालत नाही. तिला घराजवळ साठवलेले किंवा साचलेले, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागते. त्यामुळे घराचा फोटो तपासताना आधी पाहायची ती भांडी.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीलगतच्या एखाद्या रो हाऊसचा, गेटसमोरून काढलेला पावसाळ्यातला फोटो समोर घ्यावा. त्यात निळा प्लास्टिकचा ड्रम, कुंड्यांखालच्या ताटल्या, ताडपत्री, छज्जा आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून पत्र्यांवर ठेवलेले जुने टायर दिसतात. पाणी मात्र क्वचितच सरळ दिसते. त्याच्या खुणा दिसतात. फोटो मोठा करून पाहिल्यास ताडपत्रीच्या खोलगट भागात आकाशाचा चकाकता तुकडा सापडतो. छज्ज्याखालच्या भिंतीवर हिरवट ओघळ असेल, तर वर पाणी बराच काळ थांबत असावे आणि छज्ज्याची नळी पानांनी तुंबलेली असण्याची शक्यता मोठी.

पाऊस पडून गेल्यावर तासाभरात काढलेला फोटो फसवतो, कारण तेव्हा सगळेच ओले असते. उघडीप मिळाल्यावर चार-पाच दिवसांनी त्याच जागेवरून दुसरा फोटो काढावा. तेव्हाही जिथे पाणी आहे ती जागा धोक्याची, कारण उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण 7 ते 10 दिवसच लागतात. कोरडा दिवस आठवड्यातून एकदा पाळायला सांगतात तो याच हिशोबाने.

साचलेले पाणी काढून टाकण्याच्या कामात सर्वाधिक चूक ड्रमबाबत होते. मादी अंडी पाण्यात नव्हे, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ती कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरले की फुटतात. म्हणून नुसते उपडे करून भागत नाही. आतली बाजू काथ्याने जोर लावून घासावी लागते आणि भांड्यातले पाणी कोरड्या मातीवर ओतावे लागते. टायर कसाही ठेवला तरी त्याच्या पोकळीत पाणी राहते. त्याला भोके पाडावीत किंवा तो छपराखाली हलवावा. पत्र्यावर वजन हवेच असेल तर दगड किंवा वाळूची पोती ठेवावीत. जमिनीखालची टाकी वरचेवर रिकामी करता येत नाही. तिला घट्ट झाकण लावावे. उघड्या हौदात गप्पी मासे सोडता येतात.

गेटवरून काढलेल्या फोटोला मर्यादा आहेत. गच्चीवरच्या टाकीचे फुटके झाकण, कूलरचा तळ आणि फ्रिजमागचा पाणी साठणारा ट्रे त्यात येत नाहीत. फ्रिजमागचा ट्रे तर पावसाळा संपल्यावरही भरलेला असू शकतो. या तीन जागा दर आठवड्याला प्रत्यक्ष जाऊनच पाहाव्यात.