सामाजिक स्तर व चलनशीलता : गिरणीतील दोन खात्यांचे उदाहरण

सामाजिक स्तररचना पदवीच्या विद्यार्थ्यांस समजावून देताना व्यवसायांची यादी फळ्यावर लिहून त्यांना वरून खाली क्रमांक देण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्यामुळे त्याची पहिली शंका शब्दांविषयी आहे. ‘वडील काय करतात?’ या प्रश्नाला मुंबईत पूर्वी ‘गिरणीत आहेत’ असे उत्तर येई. हे उत्तर कामाचे ठिकाण सांगते. स्तर सांगत नाही. एकाच गिरणीच्या छपराखाली कित्येक स्तर नांदत असत.

सूत कातणारे रिंग खाते व कापड विणणारे साचेखाते ही दोन खाती घेऊ. साचेखात्यात विणलेल्या कापडाच्या मापावर मजुरी मिळे व कुशल विणकराची कमाई रिंग खात्यातील कामगारापेक्षा बरीच अधिक असे. तथापि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या कामगारांना तेथे सामान्यतः प्रवेश नव्हता. धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी बसवून तिच्या सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. ज्या धोट्याला एकाचे ओठ लागले त्यालाच दुसऱ्याचे लागणार, म्हणून सवर्ण विणकर विटाळाची सबब पुढे करीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 च्या गिरणी संपाच्या वेळी हा प्रश्न जाहीरपणे मांडला.

या उदाहरणातून स्तराची दोन अंगे वेगळी करता येतात. पहिले मिळकतीचे, दुसरे प्रवेशाच्या दाराचे. रिंग खात्यातला दलित कामगार एक गिरणी सोडून दुसऱ्या गिरणीच्या त्याच खात्यात जाऊ शके. ही सोरोकिन यांनी 1927 साली केलेल्या भेदानुसार समस्तर चलनशीलता होय. साचेखात्यात जाणे ही ऊर्ध्व चलनशीलता झाली असती. पण ती वाट कौशल्याच्या अभावी नव्हे, तर जन्माच्या कारणाने बंद होती.

आता दोन पिढ्यांची तुलना करू. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी कल्पिलेले आहेत. शंभर बापांपैकी 80 मजूर व 20 कारकून आहेत. प्रत्येकाचा एक मुलगा धरला, तर मुलांच्या पिढीत 60 मजूर व 40 कारकून आढळतात. कारकुनांच्या जागाच 20 ने वाढल्या असल्यामुळे निदान 20 मुलांना बापाचा व्यवसाय सोडावाच लागणार. या अपरिहार्य बदलास रचनाजन्य चलनशीलता म्हणतात.

पण एवढ्या माहितीवरून समाज किती मोकळा आहे हे ठरत नाही. समजा, कारकुनांचे वीसही मुलगे कारकूनच झाले आणि मजुरांचे 20 मुलगे नव्या जागांवर गेले. वर चढलेले वीस जण पाहून आपण प्रगतीची नोंद करू; परंतु कारकुनाच्या मुलाला ती जागा हमखास मिळाली आणि मजुराच्या मुलांपैकी चारांत एकालाच मिळाली. दुसऱ्या गावी, बापांची व मुलांची हीच एकूण वाटणी असताना, मजुरांचे 30 मुलगे कारकून झाले व कारकुनांचे 10 मुलगे मजूर झाले असे धरा. येथे बदललेल्या चाळीस जणांपैकी वीसच जागावाढीमुळे बदलले. उरलेले वीस अदलाबदलीने. आता मजुराच्या मुलाची संधी आठांत तीन आणि कारकुनाच्या मुलाची दोनांत एक. दोन्ही गावांच्या बेरजा एकच असून दुसऱ्या गावाचे दार अधिक उघडे आहे. विद्यार्थी चुकतात ते येथेच: वर गेलेल्यांची संख्या मोजून ते थांबतात, खाली आलेल्यांची मोजत नाहीत.

रचना उलट दिशेनेही बदलते. जानेवारी 1982 मध्ये सुरू झालेल्या संपानंतर मुंबईतील गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. विणकराच्या मुलापुढे साच्याचा वारसाच उरला नाही. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत तो गणवेश घालून कंत्राटी पहारेकरी झाला, तर हा ऊर्ध्व बदल की अधोगामी? हातांना तेल लागत नाही, म्हणून एखादा विद्यार्थी त्याला वरचा क्रमांक देईल. परंतु बापाची नोकरी कायम होती व तिच्यामागे संघटना होती. मुलाचे कंत्राट संपले की नोकरीही संपते. व्यवसायाच्या नावातून हा फरक कळत नाही.

तक्ता भरण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून प्रत्येक व्यवसायाच्या नावापुढे तीन गोष्टी लिहवून घ्याव्यात: मिळकत कशी ठरते, काम किती टिकते आणि त्या कामात कोणाला शिरू दिले जात नाही. तिसरा रकाना बहुधा कोरा राहतो. साचेखात्याचे उदाहरण त्या रकान्यासाठी आहे.