अहवालातील ‘आढळले नाही’ या शब्दांचा अर्थ

पाणी तपासणीचा अहवाल हाती आला की आपली नजर प्रथम आकड्यांकडे जाते. एखाद्या घटकापुढे आकडा नसून ‘आढळले नाही’ किंवा ‘बी.डी.एल.’ असे लिहिलेले दिसले, की मन निश्चिंत होते आणि कागद घडी घालून कपाटात जातो. अनेक पालक व माजी विद्यार्थी आपापल्या गावच्या विहिरींचे व कूपनलिकांचे असे अहवाल आम्हांस दाखवितात. त्यांच्याशी बोलताना आमच्या एक गोष्ट वारंवार ध्यानात आली आहे. ‘बी.डी.एल.’ या अक्षरांचा अर्थ ‘शोधमर्यादेच्या खाली’ एवढाच आहे. पाण्यात तो घटक मुळीच नाही, असे विधान त्यात केलेले नसते. ती मर्यादा कोणती, ती कशी ठरली, आणि बाटली प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत आतील पाणी मूळचेच राहिले होते काय, हे कळल्यावाचून त्या दोन शब्दांना पुरता अर्थ येत नाही. हा विषय उलगडण्यासाठी आम्ही बंगालमधील भूजलातील आर्सेनिकचे उदाहरण घेतले आहे, कारण त्यात या साऱ्या बाबी एकत्र दिसतात.

तळी व डबकी यांच्या पाण्यातून पसरणारे जुलाब आणि पटकी यांपासून लोकांचा बचाव व्हावा, म्हणून गेल्या शतकाच्या उत्तरार्धात बांगलादेशात लक्षावधी हातपंप बसविण्यात आले. पाणी नितळ होते आणि जंतूंच्या दृष्टीने पुष्कळच सुरक्षित होते. पश्चिम बंगालमध्ये मात्र १९८३ साली कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे अंगावर डाग व तळहातांवर गाठी असलेले रुग्ण येऊ लागले, आणि त्या विकाराचे मूळ कूपनलिकांच्या पाण्यातील आर्सेनिकमध्ये सापडले. बांगलादेशात ही गोष्ट १९९३ मध्ये उघडकीस आली. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने तेथील काही विहिरींच्या पाण्याचे रासायनिक परीक्षण केले होते. मात्र तपासावयाच्या घटकांच्या यादीत आर्सेनिक नव्हते. हे प्रकरण पुढे इंग्लंडच्या न्यायालयात गेले. फिर्यादीप्रती संस्थेचे काळजी घेण्याचे कायदेशीर कर्तव्य प्रस्थापित होत नाही, असा निर्णय २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने दिला. कायद्याचा निवाडा काहीही असो. ‘तपासले नाही’ आणि ‘आढळले नाही’ या दोहोंतील अंतर किती मोठे असते, हे या प्रकरणाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

आता नमुना घेण्याच्या कृतीकडे वळू. हातपंपाच्या नळीत रात्रभर साचून राहिलेले पाणी हे जमिनीतील पाण्याचे खरे प्रतिनिधी नव्हे. लोखंडी नळीशी आणि हवेशी त्याचा संबंध आलेला असतो. म्हणून काही मिनिटे पंप हापसून ते पाणी वाहू द्यावे लागते. आम्लाने धुऊन स्वच्छ केलेली प्लॅस्टिकची बाटली त्याच पंपाच्या पाण्याने तीन वेळा विसळावी आणि मगच भरावी. विरघळलेले आर्सेनिक मोजावयाचे असेल, तर पाणी तेथेच अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळून घेतात. हे गाळणे आम्ल घालण्यापूर्वी व्हावयास हवे. क्रम उलटा झाला, तर पाण्यातील मातीच्या कणांना चिकटलेले आर्सेनिक आम्लामुळे सुटते आणि आकडा फुगतो.

आम्ल कशासाठी, हा प्रश्न येथे कोणीही विचारील. बंगालच्या या पाण्यात आर्सेनिकच्या जोडीला पुष्कळदा लोहही असते. जमिनीखाली प्राणवायू नसल्यामुळे लोह विरघळलेल्या रूपात राहते आणि पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते. वर आल्यावर त्यास हवा लागते, काही तासांत त्यास पिवळसर तांबूस छटा येते आणि बाटलीच्या तळाशी गंजासारखा साका बसू लागतो. हा साका लोहाच्या हायड्रॉक्साइडचा असतो, आणि त्यास आर्सेनिक धरून ठेवण्याची विलक्षण ओढ असते. परिणामी आर्सेनिक पाण्यातून निघून साक्यात जाऊन बसते. प्रयोगशाळेतील माणूस वरचे नितळ पाणी उचलतो आणि यंत्र त्याच्यापुढे ठेवलेल्या पाण्याचे खरे मापन करते. यंत्राची चूक काहीच नसते. तरीही गावकरी जे पाणी पितात, त्याविषयी तो आकडा खोटे सांगतो. शुद्ध नायट्रिक आम्लाची थोडी मात्रा बाटलीत जागेवरच घातली आणि पाण्याचा सामू दोनच्या खाली आणला, म्हणजे लोह विरघळलेलेच राहते आणि आर्सेनिकही त्याच्यासोबत पाण्यात टिकते. असा नमुना काही महिनेसुद्धा ठेवता येतो.

ही चूक ओळखण्याची खूण अगदी साधी आहे. बाटलीच्या तळाशी वा कडेला तांबूस वलय दिसले, तर आम्ल वेळेवर पडलेले नाही असे समजावे. असा नमुना, गाळलेला असो वा नसो, हलवून त्यातील पाणी दुसऱ्या भांड्यात ओतू नये. त्याच बाटलीत आम्ल घालून ती निदान सोळा तास तशीच ठेवावी, म्हणजे साका आणि भिंतीस चिकटलेला अंश बराचसा पाण्यात परत येतो. आणखी एक बारीक गोष्ट अशी, की नायट्रेट मोजण्याकरिता वेगळी बाटली लागते. नायट्रिक आम्ल घातलेल्या पाण्यात नायट्रेट मोजणे म्हणजे स्वतःच घातलेले मीठ स्वतःच चाखून पाहण्यासारखे आहे!

यापुढे बाटली यंत्रासमोर येते. आर्सेनिकसाठी प्रचलित असलेल्या एका पद्धतीत नमुन्यातील आर्सेनिक प्रथम पोटॅशियम आयोडाइडच्या साहाय्याने एकाच रासायनिक रूपात आणतात. मग सोडियम बोरोहायड्राइड मिसळून त्याचे आर्सिन या वायूत रूपांतर करतात. हा वायू तापविलेल्या क्वार्ट्‌झच्या नळीत जातो आणि एका विशिष्ट दिव्याचा प्रकाश अंशतः शोषून घेतो. यंत्र केवळ हे शोषण दाखविते. ०.१२४ हा आकडा पडद्यावर उमटला, तरी तो किती मायक्रोग्रॅम आर्सेनिकचा निदर्शक आहे, हे यंत्रास ठाऊक नसते. ते त्यास शिकवावे लागते, आणि या शिकवणीचेच नाव अंशशोधन आलेख, म्हणजे कॅलिब्रेशन कर्व्ह.

त्यासाठी आर्सेनिकचे प्रमाण आधीच ठाऊक असलेली द्रावणे तयार करतात. उदाहरणादाखल समजा, दर लिटरमध्ये ०, ५, १०, २० आणि ४० मायक्रोग्रॅम आर्सेनिक असलेल्या द्रावणांची वाचने अनुक्रमे ०.००४, ०.०२९, ०.०५५, ०.१०३ आणि ०.२०४ आली. आलेखावर मांडल्यास हे बिंदू जवळजवळ एका सरळ रेषेवर पडतात. रेषेचा चढ दर मायक्रोग्रॅममागे ०.००५ आहे, आणि ती शून्यातून न निघता ०.००४ वरून निघते. आता नमुन्याच्या ०.१२४ या वाचनातून ०.००४ वजा करावेत आणि बाकीस ०.००५ ने भागावे. उत्तर २४ मायक्रोग्रॅम येते. एकाच प्रमाणित द्रावणावर भागविले असते, तर रेषा शून्यातून निघत नाही हे आपणांस कधीच कळले नसते. हे ०.००४ म्हणजे रसायनांत, आम्लात आणि भांड्यांत असलेल्या अत्यल्प अशुद्धीचा व यंत्राच्या स्वतःच्या पार्श्वभूमीचा वाटा आहे.

रेषेस वरच्या बाजूनेही अंत असतो. एखाद्या नमुन्याचे वाचन ०.५२० आले, तर रेषा कागदावर तशीच पुढे ओढून १०३ हे उत्तर काढण्याचा मोह होतो. पण शोषण वाढत गेले की रेषा वाकते आणि खरे प्रमाण लपते. तोच नमुना दहापट पातळ करून पुन्हा मोजला आणि वाचन ०.०७९ आले, तर पातळ नमुन्यात १५ आणि मूळ पाण्यात १५० मायक्रोग्रॅम आर्सेनिक असल्याचे दिसते. हा तब्बल दीडपटीचा फरक केवळ आलेखाबाहेर पाऊल टाकल्यामुळे पडला. कालचा आलेख आजही चालणार नाही. बोरोहायड्राइडचे द्रावण दिवसागणिक मंदावते आणि दिव्याची तीव्रताही बदलते. म्हणून हा आलेख रोज नव्याने काढतात, आणि प्रमाणित द्रावणांवरही नमुन्यांवर केली तीच सर्व प्रक्रिया करतात.

याच आलेखावरून शोधमर्यादा निघते. आर्सेनिक नसलेला कोरा नमुना दहा वेळा मोजला, तर दहाही वेळा तेच वाचन येत नाही. ते किंचित वर-खाली होते. ही चलबिचल, म्हणजे प्रमाण विचलन, आपल्या उदाहरणात ०.००१ आहे असे धरू. तिच्या तिपटीएवढा संकेत मिळाला, तरच ‘येथे काहीतरी आहे’ असे म्हणण्याची प्रथा आहे. ०.००३ ला ०.००५ ने भागले की ०.६ मायक्रोग्रॅम ही शोधमर्यादा मिळते. ‘नेमके किती आहे’ हे विश्वासाने सांगावयाचे असेल, तर चलबिचलीच्या दसपटीची अपेक्षा ठेवतात. तो आकडा येथे २ मायक्रोग्रॅम येतो. क्षेत्रावर जाताना शुद्ध पाण्याची एक बाटली सोबत नेऊन, तिच्यात तेच आम्ल घालून परत आणतात, ती याच साठी. त्या बाटलीत आर्सेनिक दिसले, तर ते विहिरीतले नसून आम्लातून, बाटलीतून वा हाताळणीतून आलेले आहे, हे उघड होते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकचे मार्गदर्शक प्रमाण दर लिटरमागे ५० वरून १० मायक्रोग्रॅमवर आणले. बांगलादेशाचे राष्ट्रीय मानक मात्र ५० राहिले. अनेक प्रयोगशाळांत चालत आलेल्या जुन्या रंगमापन पद्धतीत, जीत चांदीच्या एका संयुगासह लाल रंग उमटतो, सुमारे एक मायक्रोग्रॅम आर्सेनिक असेल तरच ते ओळखू येते. पस्तीस मिलिलिटर पाणी घेतले, तर ही मर्यादा दर लिटरमागे जवळपास २९ मायक्रोग्रॅम होते. पन्नासच्या मानकासाठी ती कशीबशी चालून गेली असती. दहाच्या मानकासाठी ती निरुपयोगी आहे. २५ मायक्रोग्रॅम आर्सेनिक असलेल्या पाण्याचा अहवाल ही पद्धत प्रामाणिकपणे ‘आढळले नाही’ असाच देईल. १९९८-९९ मध्ये बांगलादेशातील ३,५३४ कूपनलिकांचे जे सर्वेक्षण झाले, त्यात १५० मीटरहून उथळ कूपनलिकांपैकी २७ टक्के कूपनलिकांत आर्सेनिक ५० च्या वर, तर ४६ टक्क्यांत १० च्या वर आढळले. या दोन आकड्यांमधील १९ टक्के कूपनलिका १० ते ५० च्या दरम्यानच्या पट्ट्यात होत्या. ज्या पद्धतीची दृष्टी २९ वर थांबते, तिला त्यांतील कितीतरी कूपनलिका दिसल्याच नसत्या. पुढे तेथील असंख्य हातपंप असुरक्षित असल्यास लाल आणि सुरक्षित असल्यास हिरवे रंगविण्यात आले. तो हिरवा रंगही ५० च्या मानकावर ठरलेला होता, हे लक्षात ठेवावे लागते.

आपल्या विदर्भातील यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांत काळजी आहे ती फ्लोराइडची, आणि त्याची रीत निराळी आहे. त्याच्या नमुन्यात टिकविण्यासाठी आम्ल घालावे लागत नाही. बाटली मात्र प्लॅस्टिकचीच हवी, कारण फ्लोराइडचा काचेशी संयोग होऊ शकतो. तेव्हा अहवाल कोणत्याही घटकाचा असो, तो देणाऱ्या प्रयोगशाळेकडे तीन गोष्टींची चौकशी जरूर करावी: तपासणीची पद्धत कोणती, तिची शोधमर्यादा किती, आणि नमुना कोणी, केव्हा व काय घालून आणला. शोधमर्यादेचा आकडा पिण्याच्या पाण्याच्या मानकाहून मोठा निघाला, तर तो घटक दुसऱ्या पद्धतीने पुन्हा तपासून घ्यावा.