तिसरी गाडी लावायची कुठे?

एक किलोमीटर लांब, सरळ चौपाटी घ्या. माणसं सगळीकडे सारखीच पसरलेली आणि शहाळ्याचा भाव सगळ्या गाड्यांवर एकच. मग ज्याला जी गाडी जवळची, तो तिथेच जाणार. गाड्या दोनच असतील तर दोन्ही मधोमध, 500 मीटरवर येऊन खेटतात आणि गिऱ्हाईक अर्धं-अर्धं वाटून घेतात. त्यातली एक 400 मीटरवर सरकली, तर तिच्याकडे 450 मीटरचंच गिऱ्हाईक उरतं. म्हणून कुणीच हलत नाही. दोन विक्रेते असे मध्यावर का गोळा होतात, याची मांडणी अर्थशास्त्रज्ञ हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी 1929 मध्ये केली.

आता तिसरी गाडी आली. तिघांनी अशा जागा धराव्यात की बाकीचे दोघे जागच्या जागी असताना एकट्याने हलून कुणाचाच फायदा होऊ नये. याला समतोल म्हणतात. अशा जागा आहेत का?

तिघेही मध्यावर राहिले, तर प्रत्येकाला 333 मीटर मिळतात. पण एकाने गाडी मीटरभर उजवीकडे ढकलली की त्या बाजूचं जवळजवळ 500 मीटरचं गिऱ्हाईक त्याचं. तिघे मध्य सोडून दुसऱ्या एखाद्या ठिकाणी एकत्र असले, तरी हेच घडतं. एक बाजू निदान 500 मीटरची असतेच.

दोघे एकत्र आणि तिसरा लांब असेल, तर तिसरा त्यांच्याकडे सरकतो. मागचं गिऱ्हाईक त्याचंच राहतं, पुढचं वाढतं.

उरली तिघे वेगवेगळे असण्याची शक्यता. समजा गाड्या 250, 500 आणि 750 मीटरवर आहेत. कडेच्या दोघांना 375 मीटर, मधल्याला 250. कडेचे दोघे मधल्याकडे सरकत 490 आणि 510 वर आले की मधल्याच्या हाती जेमतेम 10 मीटर उरतात. तो उठून 480 वर जातो आणि त्याला 485 मीटर मिळतात. पण आता 490 वाला दोघांत चेपला जातो. त्याच्याकडे 15 मीटर राहतात. पुढची उडी त्याची. हे चक्र थांबतच नाही, कारण मधल्याचं नुकसान कडेला गेल्यावर भरून निघतं आणि ते दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात पडतं.

गंमत म्हणजे चौथी गाडी आली की घडी बसते. दोघे 250 वर, दोघे 750 वर. प्रत्येकाला 250 मीटर. कुणी मध्ये 500 वर गेला, तरी तेवढंच मिळतं. कडेला सरकला तर कमीच.

तिघांना आधी ठरवलेली एकच जागा धरून भागत नाही, पण चिठ्ठी टाकून जागा ठरवता येते. अवनेर शाकेद यांनी 1982 मध्ये दाखवलं की प्रत्येकाने रोज 250 ते 750 मीटरमधली कुठलीही जागा, सगळ्यांना सारखी संधी देऊन, निवडली, तर त्या पद्धतीपासून हटून कुणालाच सरासरी जास्त मिळत नाही. हा समतोल जागांचा नव्हे, शक्यतांचा आहे. गाडी हलवायला खर्च नाही आणि भाव सारखा, तोवरच हे सगळं खरं. पक्क्या दुकानाचं भाडं भरून बसलेला माणूस 10 मीटरसाठी उठणार नाही.