सीटी नॉर्मल, तरीही लकवा

मेंदूचा सीटी स्कॅन आणि मेंदूचा एमआरआय ही एकाच तपासणीची साधी आणि महागडी आवृत्ती आहे, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात ही दोन यंत्रे दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. सीटी स्कॅन मेंदूच्या प्रत्येक बारीक भागाची घनता मोजतो, तर एमआरआय त्या भागातले पाणी कसे वागते आहे ते टिपतो. एका तपासणीत ठळक दिसणारा बिघाड दुसरीत कधीकधी मुळीच दिसत नाही, याचे कारण यातच आहे.

सीटीमध्ये क्ष-किरणांची नळी डोक्याभोवती फिरते आणि समोरच्या बाजूला किती किरण पोहोचले याची नोंद होते. या नोंदींवरून संगणक डोक्याच्या आडव्या कापांची चित्रे तयार करतो. इंग्लंडमधील ईएमआय कंपनीतले अभियंता गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी हे यंत्र बनवले आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात ते पहिल्यांदा एका रुग्णावर वापरले गेले. तो स्कॅन मेंदूचाच होता. घनतेच्या मोजपट्टीलाही हाउन्सफील्ड यांचेच नाव मिळाले. तिच्यावर पाणी शून्यावर, हवा उणे १००० वर आणि कवटीचे घट्ट हाड अधिक १००० च्या आसपास असते. मेंदूचा करडा भाग साधारण ३५ ते ४० आणि पांढरा भाग २५ ते ३० वर येतो, म्हणजे या दोहोंत जेमतेम दहा एककांचा फरक. नुकतेच सांडून गोठलेले रक्त मात्र ६० ते ८० पर्यंत चढते आणि करड्या चित्रात पांढरेशुभ्र उठून दिसते. ताजा रक्तस्राव आणि मोडलेले हाड ओळखण्यात सीटी इतका तरबेज आहे तो यामुळेच.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. रुग्णाला १.५ किंवा ३ टेस्ला शक्तीच्या चुंबकात झोपवतात. यातला १.५ टेस्लाचा चुंबकदेखील पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट जोरदार असतो. शरीरातल्या पाण्याच्या आणि चरबीच्या रेणूंतील हायड्रोजनची केंद्रके या क्षेत्रात एका दिशेला झुकतात, रेडिओ लहरींचा धक्का दिला की विचलित होतात आणि पूर्ववत होताना स्वतः क्षीण संकेत सोडतात. हा संकेत किती वेळाने आणि कोणत्या पद्धतीने टिपायचा हे बदलता येते. म्हणून एकाच बैठकीत चित्रांचे अनेक संच निघतात. एका संचात रचना स्वच्छ दिसते, दुसऱ्यात सूज चमकते, तिसऱ्यात जुन्या रक्तातले लोह काळे उमटते. घट्ट हाडात संकेत देणारे पाणी फारच थोडे असल्यामुळे कवटी मात्र एमआरआयमध्ये काळी आणि मुकी राहते.

या दोन तपासण्यांतला फरक लकव्याच्या पहिल्या काही तासांत जेवढा स्पष्ट कळतो तेवढा इतरत्र क्वचितच कळतो.

समजा, बासष्ट वर्षांच्या एका गृहस्थांचा उजवा हात सकाळी आठ वाजता अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले आणि शब्द फुटेनासा झाला. साडेनऊला ते रुग्णालयात पोहोचले. पावणेदहाला सीटी झाला आणि रिपोर्ट आला, ‘नॉर्मल’. घरची मंडळी गोंधळतात. माणूस बोलत नाही, हात उचलत नाही आणि डोक्यात काहीच नाही असे कसे? डॉक्टरांच्या दृष्टीने मात्र ही हवी असलेली बातमी असते. लकवा दोन कारणांनी येतो. रक्तवाहिनी फुटते किंवा गुठळीने बंद होते. बाहेरून दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात, पण उपचार अगदी उलट. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तेच इंजेक्शन रक्तस्राव झालेल्याला दिले तर जिवावर बेतते. इथे सीटीला विचारलेला मुख्य प्रश्न ‘रक्त आहे का?’ एवढाच असतो. ‘नाही’ हे उत्तर मिळाले आणि रक्तदाब, साखर, चालू औषधे यांत काही आडकाठी नसली, तर या गृहस्थांना सव्वादहापर्यंत इंजेक्शन मिळू शकते.

रक्त न मिळालेला मेंदू सीटीत लगेच का दिसत नाही? पेशींच्या आवरणातले पंप रक्तातून येणाऱ्या ऑक्सिजन आणि साखरेवर चालतात. पुरवठा तुटला की काही मिनिटांत ते थांबतात. सोडियम आत शिरते, त्याच्यामागोमाग पाणी शिरते आणि पेशी फुगतात. या टप्प्यावर पाण्याने फक्त जागा बदललेली असते. पेशींच्या बाहेरचे पाणी आत गेले, पण त्या भागातले एकूण पाणी फारसे वाढलेले नसते. त्यामुळे घनताही जवळजवळ तीच राहते आणि सीटीला वेगळे काही आढळत नाही. पुढच्या काही तासांत रक्तवाहिन्यांमधून जादा पाणी झिरपू लागते, घनता एकेक एककाने उतरते आणि मग तो भाग सीटीत काळसर दिसू लागतो. तरबेज रेडिओलॉजिस्टला त्याआधीही पुसट खुणा सापडतात. करड्या आणि पांढऱ्या भागांमधली सीमा एका बाजूला धूसर झालेली असते, किंवा मेंदूच्या मधल्या मोठ्या धमनीत अडकलेली गुठळीच पांढऱ्या रेघेसारखी दिसते. पण या खुणा नेहमी असतातच असे नाही.

एमआरआयचा डिफ्युजन नावाचा संच पाण्याचे रेणू किती मोकळेपणी हलतात तेच पाहतो. फुगलेल्या पेशींत अडकलेले पाणी हलू शकत नाही, म्हणून तो भाग अर्ध्या तासाच्या आतसुद्धा झळकू शकतो. याच गृहस्थांचा एमआरआय दहा वाजता केला असता, तर डाव्या मेंदूतला पांढरा डाग बहुधा स्पष्ट दिसला असता. पण तोवर हातातला वेळ वाया गेला असता. सीटीचे प्रत्यक्ष स्कॅनिंग काही सेकंदांत उरकते, तर मेंदूच्या पूर्ण एमआरआयला वीस ते चाळीस मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ निश्चल पडून राहणे भेदरलेल्या रुग्णाला जमत नाही. उपचारांचा निर्णय न बदलणारे चित्र अशा वेळी कितीही सुंदर असले तरी ते महागच पडते.

एमआरआय आधी करण्याजोगे प्रसंगही आहेत. रात्री अकराला धडधाकट झोपलेला माणूस सकाळी सहाला लुळ्या हाताने उठला, तर लकवा किती वाजता आला हे कोणालाच सांगता येत नाही. तेव्हा दोन संचांची तुलना करतात. डिफ्युजनमध्ये डाग आहे, पण फ्लेअर या संचात अजून उमटलेला नाही, तर लकवा बहुधा साडेचार तासांच्या आतला असतो आणि इंजेक्शनचा विचार करता येतो. घड्याळाने न सांगितलेली वेळ इथे चित्रातून काढली जाते, आणि ते सीटीला या रीतीने जमत नाही.

दुसरा प्रसंग छोट्या मेंदूचा आणि मेंदूच्या देठाचा. अचानक गरगरणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, तोल जाणे या तक्रारी तिथल्या लकव्याच्या असू शकतात. हा भाग कानांमागच्या दोन जाड हाडांच्या मधोमध आहे आणि त्या हाडांमुळे सीटीच्या चित्रात आडवे काळे पट्टे पडतात. म्हणून अशा तक्रारीत सीटी नॉर्मल आला तरी निश्चिंत होण्यासारखे काही नसते, एमआरआय लागतोच. अर्थात एमआरआयही बिनचूक नाही. देठातला अगदी छोटा डाग पहिल्या एक-दोन दिवसांत डिफ्युजनमध्येही निसटू शकतो. लक्षणे पक्की असतील, तर डॉक्टर चित्रापेक्षा रुग्णावर जास्त विश्वास ठेवतात आणि स्कॅन पुन्हा करतात.

डोक्याला मार लागला की मात्र पहिला मान निर्विवाद सीटीचा. कवटीचा तडा, हाडाखाली साचलेले रक्त, मेंदूवरचा दाब हे सारे त्यात मिनिटाभरात कळते आणि तेवढ्यावर शस्त्रक्रियेचा निर्णय होतो. आयुष्यात कधी न झालेली भयंकर डोकेदुखी क्षणार्धात सुरू झाली, तरीही सीटीच आधी करतात. मेंदूच्या आवरणांमधला रक्तस्राव पहिल्या सहा तासांत त्यात क्वचितच सुटतो. दिवस उलटत जातात तसे रक्त फिके पडते आणि ही खात्री कमी होते. अपघातानंतर शुद्ध येत नाही, पण सीटीत फारसे काही नाही, असे झाल्यास एमआरआय करतात. मेंदूतले तंतू झटक्याने तुटले असतील, तर तिथले बारीक रक्तबिंदू त्यात काळ्या ठिपक्यांसारखे दिसतात.

घाई नसते तेव्हा पारडे एमआरआयकडे झुकते. वारंवार फिट येणाऱ्या रुग्णात मेंदूच्या आतल्या घडीत आकसलेला छोटासा भाग शोधायचा असतो. पिट्युटरी ग्रंथीतली काही मिलिमीटरची गाठ, एका कानाने कमी ऐकू येण्यामागची नसेवरची गाठ किंवा पांढऱ्या भागातले मल्टिपल स्क्लेरोसिसचे डाग पाहायचे असतात. सीटीत यातले बरेचसे हरवते. भारतात फिट येण्यामागे मेंदूतल्या जंताची गाठ किंवा क्षयाची गाठ हे कारण नेहमी भेटते आणि तिथे दोन्ही तपासण्या एकमेकींना पूरक ठरतात. गाठीच्या आत जंताचे डोके ठिपक्यासारखे दिसले तर निदान पक्के होते, आणि ते एमआरआयमध्ये अधिक चांगले दिसते. पण जंत मरून गाठीत चुना साचला असेल, तर तो पांढरा कण सीटी दाखवतो आणि एमआरआयमध्ये तो सहज नजरेतून सुटतो.

डोक्याच्या एका सीटीत सुमारे दोन मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गातून माणसाला वर्षभरात साधारण तेवढाच मिळत असतो. तातडीच्या प्रसंगी त्याची काळजी करू नये. लहान मुलांचे स्कॅन मात्र विनाकारण पुन्हा पुन्हा करू नयेत. एमआरआयचा धोका किरणांचा नसून लोखंडाचा आहे. चुंबक चोवीस तास चालू असतो, तपासणी संपली म्हणून तो बंद होत नाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला रुग्णाचा नातेवाईक यंत्राकडे खेचला गेला आणि दगावला. जुना पेसमेकर, धमनीवरची जुनी क्लिप, कानातले कॉक्लिअर यंत्र, वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्याच्या डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, यांपैकी काहीही असले तर तपासणी टाळावी लागते किंवा विशेष खबरदारी घ्यावी लागते. आताचे अनेक पेसमेकर ठरावीक अटींवर चालतात, पण ते कार्डावरचे मॉडेल पाहूनच ठरवता येते. म्हणून एमआरआयला जाताना शरीरात बसवलेल्या प्रत्येक वस्तूचे कार्ड आणि आधीच्या स्कॅनच्या फिल्म सोबत न्याव्यात, आणि रुग्णाला स्वतः बोलता येत नसेल तर ही माहिती नातेवाइकांनी तंत्रज्ञाला दाराबाहेरच द्यावी.