शून्यावर आलेला काटा

प्रयोगशाळेतला लेक्लांशे घट व्होल्टमीटरला जोडला आणि काटा १.४० व्होल्टवर थांबला. घटाचं विद्युतचालक बल मात्र १.४५ आहे. मग ०.०५ व्होल्ट गेले कुठे? ते घटाच्या आतच खर्ची पडले. काटा हलवण्यासाठी व्होल्टमीटरला घटाकडूनच थोडा प्रवाह घ्यावा लागतो. घटाचा अंतर्गत रोध १० ओहम आणि व्होल्टमीटरचा २९० ओहम असेल, तर सुमारे ५ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आणि घटातल्या १० ओहमवर तेवढा दाब गळतो. म्हणजे मोजायला गेलो म्हणूनच आकडा बदलला.

ही अडचण पोटेन्शिओमीटर फार सुरेख सोडवतो. लाकडी फळीवर चार मीटर लांबीची, सगळीकडे सारख्या जाडीची तार ताणलेली असते. संचायक आणि रिओस्टॅट जोडून तिच्यातून स्थिर प्रवाह सोडला, की तारेच्या दर सेंटिमीटरला विभव सारखाच उतरतो. आता घटाचं धन टोक तारेच्या धन टोकाला जोडायचं आणि ऋण टोकाकडून गॅल्व्हानोमीटरमार्गे आलेली जॉकी तारेवर ठिकठिकाणी टेकवायची. टेकवायचीच, घासत नेली तर तार झिजते आणि जाडी सारखी राहत नाही.

जॉकी धन टोकाजवळ टेकवली, की घटाचं बल तारेच्या त्या तुकड्यावरच्या विभवांतरापेक्षा जास्त ठरतं, म्हणून घट प्रवाह ढकलतो आणि काटा एका बाजूला जातो. फार पुढे टेकवली तर तार वरचढ होते, घटात उलटा प्रवाह शिरतो आणि काटा दुसऱ्या बाजूला झुकतो. मध्ये एका बिंदूवर दोन्ही बळं अगदी सारखी होतात. तिथे गॅल्व्हानोमीटरच्या दोन्ही टोकांचा विभव एकच असतो, त्यामुळे त्या फांदीत प्रवाह वाहायला कारणच उरत नाही. तारेतला प्रवाह चालूच असतो, पण तो पूर्णपणे संचायकाचा. घटातून प्रवाह नाही म्हणून अंतर्गत रोधावर गळतीही नाही. रोध १० ओहम असो की १००, संतुलनाची जागा तीच.

आता लांबीचे व्होल्ट करायचे. वेस्टन प्रमाण घटाचं बल २० अंश सेल्सिअसला १.०१८६ व्होल्ट असतं. तो २०३.७ सेंटिमीटरवर संतुलित झाला आणि आपला घट २९०.० वर, तर १.०१८६ ला २९०.० ने गुणून २०३.७ ने भागायचं: १.४५ व्होल्ट.

काटा एकाच बाजूला राहिला, तर जॉकी धन टोकापासून दूर नेत पाहावं. विचलन वाढत गेलं, तर घट उलटा जोडला आहे. कमी होत गेलं पण शून्यापर्यंत पोचलं नाही, तर संपूर्ण तारेवरचं विभवांतरच अपुरं आहे. रिओस्टॅटचा रोध कमी करावा. शेवटी प्रमाण घट पुन्हा लावावा. तो आता २०५ सेंटिमीटरवर संतुलित झाला, तर संचायक दरम्यान उतरला आहे आणि २९०.० हे वाचन नव्याने घ्यावं लागेल.