‘विहीर’ पुसून ‘बाव’ लिहिताना

एका जुन्या चित्राखाली बोरूने लिहिलेली ओळ आहे असे समजा : ‘आजीच्या परसातली विहीर’. कोकणातल्या घरच्यांना तिथे त्यांचा नेहमीचा ‘बाव’ हा शब्द हवा आहे. लिहिणारा हयात असेल तर त्याच्याकडूनच ओळ नव्याने लिहून घ्यावी. ते शक्य नसेल, तर त्याच ओळीतली अक्षरे उचलून नवा शब्द जुळवता येतो. संगणकावरचा सुलेखनाचा फाँट इथे चालत नाही, कारण त्यातले प्रत्येक अक्षर दर वेळी हुबेहूब तेच येते आणि शेजारच्या हस्ताक्षरात उपरे दिसते.

ओळ ६०० डीपीआयला स्कॅन करून मूळ प्रत बाजूला ठेवावी. ‘वि’मधला ‘व’ वेगळ्या लेयरवर घेऊन त्याच्यावरची वेलांटीची कमान पुसावी. लेयरचा मोड Multiply केला की कागदाचा पांढरा भाग दिसेनासा होतो आणि शाई तेवढी उरते. काना ‘च्या’मधून घ्यावा.

‘ब’ ओळीत कुठेच नाही. तो ‘व’च्या पोटात तिरकी रेघ घालून करायचा, पण कुठलीही रेघ फिरवून तिथे बसवली तर फसगत होते. बोरूचे टोक तिरके कापलेले असते, त्यामुळे रेघेची जाडी तिच्या दिशेवर ठरते. वरून डावीकडून खाली उजवीकडे जाणारी रेघ बारीक येते. आडवी रेघ फिरवून घातली तर ती तिथे जाड दिसते आणि डोळ्याला लगेच खुपते. म्हणून त्याच दिशेने उतरणारा ‘परसातली’तल्या ‘र’चा पाय घ्यावा आणि हवा तेवढाच कापावा. तो आकसून लहान करू नये, कारण अक्षर लहानमोठे केले की रेघेची जाडीही बदलते. दहा पिक्सेलची रेघ १२० टक्के केली की बारा पिक्सेलची होते, आणि शेजारी ठेवल्यावर तेवढा फरकही जाणवतो.

सगळ्यात अवघड भाग यानंतरचा. ‘बाव’मधली दोन्ही अक्षरे एकाच ‘व’पासून झाली आहेत, आणि माणसाच्या हातून दोन ‘व’ कधीच तंतोतंत सारखे उतरत नाहीत. म्हणून ‘ब’चा दांडा काढून तिथे ‘सा’चा काना बसवावा आणि पोटाची गोलाई किंचित दाबावी. मग एक अक्षर दुसऱ्यावर ठेवून मोड Difference करावा. चित्र जवळजवळ सगळे काळे झाले, तर जुळेपण अजून गेलेले नाही.

शिरोरेषा शेवटी जोडावी. ‘विहीर’वरची रेषा लांब आहे. तिची दोन्ही टोके राखून मधला तुकडा काढावा, कारण बोरू टेकल्याची आणि उचलल्याची खूण टोकांतच असते. सांधा दांड्याच्या माथ्यावर आणला की तो झाकला जातो.

नवा शब्द आखूड असल्याने ओळ चित्राच्या मध्यावरून डावीकडे सरकल्यासारखी दिसेल. सुटलेल्या जागेच्या निम्मी ती उजवीकडे घ्यावी, मूळ आकारात छापावी आणि कागद उलटा धरून बघावा. शब्द वाचता येत नसला की नजर आकारांवर जाते, आणि जाड झालेली रेघ किंवा जुळे अक्षर तेव्हाच सापडते.