५ किलोवॅटच्या इन्व्हर्टरला ६ किलोवॅटचे पॅनल का?

आमच्या छतावर ६ किलोवॅटचे पॅनल आहेत, इन्व्हर्टर मात्र ५ चा. म्हणजे गुणोत्तर १.२. पॅनलची क्षमता मोजतात २५ अंशांना. आपल्याकडच्या उन्हात पॅनल ६० अंशांपर्यंत तापतो आणि वीज दहा-बारा टक्के घटते. त्यात धूळ! त्यामुळे ६ चे जेमतेम ५ मिळतात.

थंड, स्वच्छ दुपारी मात्र ५.४ मिळू शकतात. तेव्हा वरचे ०.४ इन्व्हर्टर घेतच नाही. हेच क्लिपिंग. मी अ‍ॅप उघडतो तेव्हा आलेखाचा माथा सपाट दिसतो. तासभर असं झालं तर नुकसान ०.४ युनिट, सकाळ-संध्याकाळ जास्तीचे पॅनल ते सहज भरून काढतात.

व्होल्टेजचं मात्र तसं नाही. थंडीत ते वाढतं. इन्व्हर्टरची कमाल मर्यादा ओलांडली, तर तो जळू शकतो.